फोटोत काय दिसते आणि काय दिसत नाही : कुत्रा-मांजराचे केस, डोळे आणि अंगकाठी

घरातील कुत्र्याचा किंवा मांजराचा फोटो डॉक्टरांना पाठवताना आपण सोबत जे एखादे वाक्य लिहितो, त्यात बहुतेक वेळा आपला निष्कर्ष असतो : ‘डोळ्याला इन्फेक्शन झालंय’, ‘अशक्त वाटतोय’, ‘केस खराब झालेत’. असे वाक्य वाचून डॉक्टरांना फारसे काही कळत नाही, कारण डोळ्यात नेमके काय दिसले म्हणून इन्फेक्शन वाटले, हे त्यात नसते. फोटोवरून निदान होत नाही, आणि तसे करू पाहणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. परंतु फोटोवरून नीट वर्णन करता येते, आणि आजच दवाखाना गाठायचा, दोन-तीन दिवसांत वेळ घेऊन जायचे की घरीच लक्ष ठेवायचे, हे ठरवायला असे वर्णन पुष्कळदा पुरेसे असते. ते कसे करावे, हे एका उदाहरणावरून समजून घेऊ.

नाशिकमध्ये इंदिरानगरला राहणाऱ्या एका कुटुंबात मोती नावाचा नऊ वर्षांचा पांढरा स्पिट्झ कुत्रा आहे, असे समजा. आपल्याकडे ज्यांना सर्रास पॉमेरियन म्हटले जाते, त्यांतील बरेचसे कुत्रे प्रत्यक्षात भारतीय स्पिट्झ असतात. ऑक्टोबर महिना आहे, पावसाळा संपून मोकळ्या प्लॉटवरचे गवत वाळले आहे आणि मोतीचे संध्याकाळचे फिरणे त्याच गवतातून होते. घरच्यांनी रात्री दिवाणखान्यातील पिवळ्या दिव्याखाली, सोफ्यावर बसलेल्या मोतीचा वरून एक फोटो काढला आणि सोबत लिहिले : ‘दोन दिवस झाले थोडा सुस्त आहे, डोळे निळसर दिसतात, मोतीबिंदू असेल का? तब्येत चांगली आहे, गुबगुबीत आहे.’

या फोटोबद्दल सर्वांत आधी सांगायला हवे ते हे, की त्यातून रंगाविषयी काहीही म्हणता येणार नाही. पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक डोळ्याचा पांढरा भाग पिवळसर दिसतो, त्यामुळे कावीळ नसताना ती असल्याचा भास होतो, आणि असली तर ती लक्षात येत नाही. फ्लॅश वापरला, तर डोळ्यांच्या मागील चकाकणारा थर प्रकाश परत फेकतो आणि बाहुली हिरवी किंवा पिवळी दिसते. निळ्या डोळ्यांच्या प्राण्यांत ती लालही दिसते. हा आजार नाही, पण त्या चमकेखाली खरा दोष झाकला जातो. म्हणून सकाळी गॅलरीत किंवा खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढावा आणि तोंडाजवळ एक पांढरा कागद धरावा. फोटोत तो कागद पांढरा दिसत असेल, तर इतर रंगांवरही बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. फोनमधील सौंदर्य वाढवणारी किंवा मागची बाजू धूसर करणारी सोय बंद ठेवावी, कारण ती केसांचे बारकावे पुसून टाकते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातील तपशील कमी होतो, म्हणून तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवणे चांगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीचे तीन फोटो काढले गेले, आणि माझ्या मते कोणत्याही प्राण्यासाठी हेच तीन पुरेसे आहेत. पहिला, प्राणी चारही पायांवर उभा असताना, त्याच्याच उंचीवर बसून एका बाजूने. दुसरा, पाठीच्या बरोबर वरून. तिसरा, चेहऱ्याचा समोरून, दोन्ही डोळे एकाच चौकटीत येतील असा. फोन अगदी जवळ नेला तर नाक आणि डोके मोठे व मागचे शरीर लहान दिसते, म्हणून दीड-दोन मीटर अंतरावरून थोडे झूम करून फोटो घ्यावा. बसलेल्या किंवा कुशीवर पडलेल्या प्राण्याच्या फोटोवरून अंगकाठीबद्दल काहीच बोलू नये.

आता तिसऱ्या फोटोकडे पाहू, कारण मोतीच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट तिथेच होती. दोन्ही बाहुल्यांच्या आत सारखाच निळसर-करडा धूसरपणा होता. वयाच्या साधारण सात-आठ वर्षांनंतर कुत्र्यांच्या डोळ्यांतील भिंग हळूहळू घट्ट होत जाते आणि त्यामुळे असा निळसरपणा दोन्ही डोळ्यांत सारखाच दिसू लागतो. त्याने दृष्टी फारशी कमी होत नाही आणि त्यावर उपचारही लागत नाही. मोतीबिंदूत भिंग पांढरे आणि अपारदर्शक होते. हा फरक मात्र फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही, त्यासाठी डॉक्टरांनी उपकरणातून डोळा पाहावा लागतो. त्यामुळे वर्णनात ‘मोतीबिंदू’ असे न लिहिता ‘दोन्ही बाहुल्यांत आतल्या बाजूला सारखाच निळसर धूसरपणा, वर्षभरात हळूहळू वाढलेला’ असे लिहावे. धूसरपणा बाहुलीच्या आत आहे की डोळ्याच्या पृष्ठभागावर सगळीकडे पसरला आहे, हेही आवर्जून नोंदवावे. पृष्ठभागावरचे पारदर्शक पटल अचानक निळे-पांढरे होणे, आणि तेही एकाच डोळ्यात होणे, ही वयाची खूण नसते.

घरच्यांचे सगळे लक्ष त्या निळसरपणावर होते. परंतु त्याच फोटोत उजवी पापणी डावीपेक्षा बरीच खाली आलेली होती, उजव्या डोळ्याखालचे केस ओले होऊन एकमेकांना चिकटले होते आणि आतल्या कोपऱ्यात तिसऱ्या पापणीचा गुलाबी पडदा वर आलेला दिसत होता. पांढऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांखाली तपकिरी ओघळ असतात, ते अश्रूंमधील एका रंगद्रव्यामुळे येतात आणि वर्षानुवर्षे दोन्ही बाजूंना असतील तर त्यांत चिंतेचे सहसा काही नसते. मोतीलाही ते होतेच. नवे होते ते एका बाजूचे ओलेपण आणि मिटलेली पापणी. कुत्रा किंवा मांजर एक डोळा अर्धवट मिटून ठेवत असेल, तर तो डोळा दुखत आहे असेच धरून चालावे. डोळा लाल नसला, चिपडे नसली, प्राणी जेवतखात असला, तरीही हे लागू पडते. दुखणाऱ्या डोळ्यात पटलावर जखम असू शकते, आणि अशी जखम चोवीस तासांतही खोल जाऊ शकते. म्हणून अर्धवट मिटलेला डोळा हे त्याच दिवशी दवाखान्यात जाण्याचे कारण आहे, ‘उद्या बघू’ म्हणण्याचे नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. घरात कोणाच्या तरी डोळ्यांसाठी आणलेल्या थेंबांची बाटली पडलेली असते आणि तीच कुत्र्याच्या डोळ्यात घातली जाते. त्यांतील अनेक थेंबांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड असते. पटलावर जखम असताना स्टेरॉइड गेले, तर जखम भरण्याऐवजी चिघळते आणि प्रसंगी डोळा गमवावा लागतो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत उकळून गार केलेल्या स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या कापसाने बाहेरचे केस पुसावेत आणि प्राण्याने पंजाने डोळा घासू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घालावी, एवढेच पुरे.

मोतीला त्याच दिवशी नेले. डॉक्टरांनी डोळ्यात फ्लुरेसीन नावाच्या नारिंगी रंगद्रव्याचा थेंब घातला. पटल जिथे खरवडले असेल तिथे हा रंग चिकटून हिरवा चमकतो. तसा हिरवा ओरखडा दिसला. मग डोळा बधिर करून तिसरी पापणी उचलली, तेव्हा तिच्यामागे वाळलेल्या गवताचे कुसळ अडकलेले निघाले. हे कुसळ कोणत्याही फोटोत दिसले नसते. फोटोत दिसले ते एका डोळ्याचे मिटणे, आणि तेवढ्यावर योग्य निर्णय घेता आला. पावसाळा संपताना नाशिकच्या मोकळ्या प्लॉटवर किंवा शेताच्या बांधावर फिरणाऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांत, कानांत आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यांत कुसळे शिरणे शक्य असते, म्हणून त्या दिवसांत फिरून आल्यावर या तिन्ही जागा पाहाव्यात.

उरला प्रश्न ‘गुबगुबीत’पणाचा. कुत्र्या-मांजरांची अंगकाठी मोजण्यासाठी पशुवैद्य साधारणपणे 1 ते 9 अशी श्रेणी वापरतात. 1 म्हणजे हाडांचा सापळा, 9 म्हणजे अतिस्थूल. कुत्र्यांसाठी 4 ते 5 आणि मांजरांसाठी 5 ही चांगली स्थिती मानली जाते. 5 च्या वरचा प्रत्येक अंक ढोबळमानाने दहा ते पंधरा टक्के जादा वजन दाखवतो. श्रेणी ठरवताना तीन गोष्टी पाहतात : वरून पाहिल्यावर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसते का, बाजूने पाहिल्यावर छातीच्या मागे पोटाची रेघ वर चढते का, आणि बरगड्या हाताला कशा लागतात. पहिल्या दोन गोष्टी फोटोत येतात, तिसरी येत नाही, आणि स्पिट्झसारख्या दाट केसांच्या कुत्र्यात पहिल्या दोनही केसांखाली दडतात. म्हणून मोतीच्या वरून काढलेल्या फोटोचे प्रामाणिक वर्णन ‘गुबगुबीत’ असे होत नाही. ते ‘दाट केसांमुळे कंबर दिसत नाही, अंगकाठी फोटोवरून ठरवता येत नाही’ असे होते.

त्यासाठी हात लावावा लागतो, आणि त्याची सोपी खूण आपल्याच हातावर आहे. मूठ वळून बोटांच्या वरच्या गाठींवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवले की जसे टोकदार लागते, तशा बरगड्या लागल्या तर प्राणी बारीक आहे. हात सपाट पसरून त्याच गाठींवरून बोट फिरवल्यावर जसे लागते, तशा लागल्या तर ठीक. तळहाताच्या मांसल भागासारखे लागले आणि बरगड्या शोधाव्या लागल्या, तर वजन जास्त आहे. मोतीच्या बरगड्या मुठीसारख्या लागल्या, पाठीच्या कण्याचे मणके बोटांना वेगवेगळे जाणवले आणि कानशिलाजवळ, डोळ्यांच्या वर, खळगा पडलेला होता. ही शेवटची खूण फोटोतही दिसत होती, कारण चेहऱ्यावरचे केस आखूड असतात. दवाखान्यातील मागील वर्षीच्या नोंदीत वजन 9.5 किलो होते, आता ते 8.2 किलो भरले. 1.3 किलो ऐकायला थोडे वाटते, पण ते त्याच्या वजनाच्या जवळजवळ चौदा टक्के आहे. आहार मुद्दाम कमी केलेला नसताना दहा टक्क्यांहून अधिक वजन उतरले, तर रक्त आणि लघवी तपासून घेणे आवश्यक ठरते. मोतीच्या तपासण्या ठीक आल्या, परंतु तोंड उघडून पाहिल्यावर मागच्या दोन दाढा कीटण साचून हलत असल्याचे आढळले. तो जेवणापाशी जायचा, पण पुरते खात नव्हता.

चरबी आणि स्नायू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे ध्यानात ठेवावे. म्हातारा प्राणी पोटाने सुटलेला असू शकतो आणि त्याच वेळी त्याचे खांदे, मांड्या व कानशिले झडलेली असू शकतात. मात्र कणा आणि खुब्याची हाडे वर आलेली आणि पोट गोल फुगलेले, असे बाजूच्या फोटोत दिसले, तर त्याला लठ्ठपणा समजू नये. पिल्लांमध्ये जंत, मोठ्या प्राण्यांमध्ये पोटात साठलेले पाणी, अशी कारणे त्यामागे असू शकतात, आणि दाखवण्यात एक-दोन दिवसांहून जास्त वेळ घालवू नये. उलट काही गोष्टी विचित्र दिसल्या तरी स्वाभाविक असतात. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या भागातील कारवान जातीच्या कुत्र्यांच्या शेवटच्या बरगड्या आणि खुब्याची टोके निरोगी असतानाही दिसतात. मांजरांच्या मागच्या पायांपुढे लोंबणारी सैल कातडीची घडी सडपातळ मांजरातही असते, ती चरबी असेलच असे नाही.

केसांचे वर्णन करताना ‘खराब’ हा शब्द टाळून जागा, आकार आणि खालची कातडी या तीन गोष्टी लिहाव्यात. ‘शेपटीच्या बुडाशी केस विरळ, खाजवून कातडी लाल’ असे लिहिले की डॉक्टरांचे लक्ष आधी पिसवांकडे जाते. ‘दोन्ही कुशींवर सारखेच केस गेलेले, खाज नाही, वजन वाढतेय’ असे लिहिले तर थायरॉइडसारख्या ग्रंथींचा विचार होतो. मांजराच्या पिल्लाच्या तोंडावर किंवा कानांवर खवले धरलेले गोलसर टक्कल दिसले, तर ते गजकर्ण असू शकते आणि ते माणसांनाही लागते, म्हणून घरातल्या लहान मुलांना कोणाला चट्टे आले आहेत का, हेही सांगावे. मांजराच्या पाठीच्या मागच्या भागावर केसांच्या गुठळ्या आणि कोंडा दिसला, तर बहुधा ते तिथे चाटू शकत नाही, असा त्याचा अर्थ असतो. सांधे दुखत असतील, दात दुखत असतील किंवा लठ्ठपणामुळे तोंड पोहोचत नसेल. मोठ्या कुत्र्यांच्या कोपरांवरचे केस नसलेले जाड घट्टे मात्र फरशीवर बसल्याने होतात. मोतीसारख्या कुत्र्याचे केस ऋतू बदलताना पुंजक्यांनी गळतात. खाली कातडी स्वच्छ आणि गुलाबीसर असेल, टक्कल पडत नसेल, तर विंचरण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

गोचीड सहसा केसांच्या फोटोत दिसत नाहीत, त्या कानांच्या आत आणि बोटांमध्ये बसतात. कुत्र्यावर गोचीड सापडल्या असतील आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तो मलूल झाला, जेवण सोडले, तर त्याला उताणे करून पोटाचा आणि ओठ वर उचलून हिरड्यांचा फोटो घ्यावा. पोटाच्या पातळ कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके, किंवा गुलाबीऐवजी फिकट पांढरट हिरड्या, ही गोचीडतापात रक्तातील प्लेटलेट आणि तांबड्या पेशी कमी झाल्याची खूण असू शकते. अशा कुत्र्याला त्याच दिवशी न्यावे. हिरड्या जन्मतःच काळ्या असतील तर खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहावा.

तात्काळ निघण्याची आणखी काही कारणे फोटोवर अवलंबून नाहीत, आणि त्यांच्यासाठी फोटो काढत बसूही नये. बोका पुन्हा पुन्हा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन कण्हतो आणि लघवी होत नाही; मांजर तोंड उघडून धापा टाकते; कुत्र्याचे पोट अचानक ताठ फुगते आणि तो उलटीचा नुसता प्रयत्न करतो; हिरड्या निळसर पडतात; डोळा खोबणीतून बाहेर येतो. मांजराने पूर्ण दिवसभर काहीच खाल्ले नाही तर दुसऱ्या दिवशी दाखवावे, कारण उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ लागते. ताप वाटला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.

नाशिककरांसाठी यात एका गोष्टीची भर घालणे गरजेचे आहे. जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत घराघरांत द्राक्षांच्या पेट्या येतात, आणि बेदाणे तर वर्षभर असतात. द्राक्षे आणि बेदाणे खाल्ल्याने काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. किती खाल्ले म्हणजे धोका, हे प्रत्येक कुत्र्यात वेगळे असल्याने सुरक्षित प्रमाण असे सांगता येत नाही. पहिले काही तास अशा कुत्र्याचे केस चमकदार, डोळे टवटवीत आणि अंगकाठी उत्तमच दिसते. उलट्या बहुधा त्याच दिवशी सुरू होतात आणि मूत्रपिंडांचे नुकसान एक ते तीन दिवसांत उघड होते. डॉक्टरांना पोट रिकामे करता येते ते मुख्यतः या पहिल्या काही तासांत. त्यामुळे इथे फोटोऐवजी ‘किती वाजता, अंदाजे किती द्राक्षे, कुत्र्याचे वजन किती’ हे फोनवर सांगून लगेच निघावे. मीठ-पाणी पाजून घरीच उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये, त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीवर जाते.

याउलट जेवण, पाणी, लघवी आणि शी नेहमीसारखी आहे, डोळे दोन्ही सारखे उघडे आहेत आणि बदल फक्त केसांचा निस्तेजपणा किंवा थोडासा कोंडा एवढाच आहे, तर दोन आठवडे थांबायला हरकत नाही. थांबताना त्याच जागी, त्याच वेळेच्या उजेडात, त्याच अंतरावरून तेच तीन फोटो आठवड्याने पुन्हा काढावेत आणि दर वेळी वजन लिहावे. लहान प्राण्याला उचलून स्वतः काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे; मांजरासाठी मात्र घरचा काटा फार ढोबळ पडतो, त्यामुळे चार किलोच्या मांजराचे दोनशे ग्रॅम उतरले तरी तो दाखवणार नाही, म्हणून तिथे बाळांचा काटा किंवा दवाखान्यातील काटा वापरावा. दोन आठवड्यांनी फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर टक्कल वाढलेले दिसले, कंबर आणखी आत गेली किंवा वजन उतरले, तर ते फोटो आणि वजनाची नोंद घेऊन डॉक्टरांची वेळ घ्यावी.